लांबून केलेला हात

आजचा विषय अगदी छोटा आहे: लांबून हात करणं. रस्त्याच्या पलीकडून, पार्किंगमधून, गॅलरीतून. आणि कधी तेवढ्यावर भागतं, कधी नाही.

आमच्या सोसायटीत ए आणि बी विंग समोरासमोर आहेत, मध्ये पार्किंग. सकाळी पावणेनऊला मी गाडी काढतो तेव्हा बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर एक काका गॅलरीत चहा पीत बसलेले असतात. मी हात करतो, तेही करतात. गेली सहा वर्षं. पहिल्यांदा मी लहान पोरांना टाटा करतात तसा हात हलवला होता. आईने वरून पाहिलं आणि संध्याकाळी झापलं, "मोठ्या माणसांना टाटा करतोस?" तेव्हापासून एका हातात हेल्मेट आणि दुसरा हात छातीशी, असा माझा अर्धा नमस्कार सुरू झाला. काका त्यावर बोटं पसरून मनगट फिरवायचे, म्हणजे "काय, कसं काय?" मी मान तिरकी करायचो. म्हणजे "बरंय." झालं, संपला संवाद. दोघंही आपापल्या कामाला.

अॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या दोघांनी 1973 साली यावर एक पेपर लिहिला. अंगणातल्या एका वाढदिवसाच्या पार्टीचं शूटिंग करून लोक एकमेकांना कसे भेटतात, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. त्यांच्या मते लांबून केलेलं अभिवादन हा भेटीचा सुरुवातीचा टप्पा असतो. त्यानंतर माणूस चालत येतो. येताना बहुतेक वेळा नजर दुसरीकडे वळवतो, अगदी जवळ आला की पुन्हा वर बघतो, हसतो, बोलतो. (ऑफिसच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये फार आधी हात केला की पुढचं अंतर मोबाइलमध्ये का बघावं लागतं, ते हे वाचल्यावर मला कळलं.) आमचा पार्किंगमधला प्रकार म्हणजे फक्त सुरुवातीचा टप्पा. पुढचे टप्पे दोघांच्या संमतीने रद्द.

माझ्या कामाच्या भाषेत याला हार्टबीट म्हणतात. सर्व्हर दर काही सेकंदांनी "आहे" एवढंच कळवतो. आत डिस्क भरत आली असेल तर ते त्यातून कळत नाही. कालच्यासारखंच आज चालू असेल तोवर हे पुरतं. काही बदललं की नाही पुरत.

मागच्या वर्षी मी कामासाठी तीन आठवडे बंगळूरला होतो. त्यातच काकू गेल्या. आईने फोनवर सांगितलं. मी परत आलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. आल्यावर दुसऱ्या दिवशी खाली उतरलो. काका गॅलरीत होते. सवयीने हात उचलला आणि मध्येच थांबला. काय दाखवायचं हाताने? आपला "बरंय"? तरी अर्धवट केलाच.

काकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मला वाटलं, रागावले. बरोबरच आहे, भेटायला न जाता खालून हात करतो म्हणजे काय. मग मी काय केलं? सव्वाआठला निघायला लागलो. नऊ दिवस. दहाव्या दिवशी रविवार होता. आई म्हणाली, "आज जाऊन ये वर." गेलो.

दार उघडून काका पहिलं काय म्हणाले? "अरे, बंगळूरहून आलास कधी?"

त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "काका, मी हात केला होता." तर म्हणाले, त्यांना ए विंगपर्यंत चेहरा ओळखू येत नाही, बऱ्याच वर्षांपासून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू सांगायच्या, "तो बघा, खाली आलाय, हात करतोय." मग ते हात करायचे. माझी तिरकी मान त्यांना कधी दिसलीच नव्हती. ती काकूंना दिसायची. सहा वर्षं मी दोघांशी बोलत होतो आणि मला एकच माणूस माहीत होता.

अर्धा तास बसलो. फार बोललो नाही. त्यांनी काकूंच्या शेवटच्या दोन दिवसांचं सगळं सांगितलं, कुठला डॉक्टर, किती वाजता. मी ऐकलं. निघताना "येतो" तोंडावर आलं होतं. अशा घरातून निघताना तसं म्हणत नाहीत, म्हणून नुसता उठलो. काका दारापर्यंत आले. विचारलं, "तुझं हेल्मेट कुठल्या रंगाचं?"

"लाल."

"मग ते डोक्यावर घालून हात करत जा. आणि जरा मोठा कर."

सोमवारी पावणेनऊला हेल्मेट घालून पार्किंगच्या मधोमध उभा राहिलो आणि डोक्यावरून हात हलवला, चक्क टाटा. काकांनी जरा वेळाने मनगट फिरवलं. आई वरून बघत होती. काही बोलली नाही.