पोळी सोडून पुरण सगळीकडे



होळीच्या दुपारी माझ्या भाचीने फोनवर तिच्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवला. पुरणपोळीचा पहिलाच प्रयत्न. खाली ओळ लिहिली होती: ‘पोळी सोडून पुरण सगळीकडे आहे.’ मी खूप हसले आणि मग फोटो मोठा करून पाहिला. ओळ गमतीची होती, पण अक्षरशः खरी होती.

तव्यावर काळे, चकाकते डाग. पोळी फुटली की पुरणातला गूळ तव्याला लागून जळतो, त्याचे ते डाग. पोळपाटाला पिवळा लगदा चिकटलेला आणि त्यावर पिठीचा ढीग. म्हणजे फाटलेली पारी पिठी लावून सावरायची धडपड झाली होती. भिंतीच्या फरशांवरचे शिंतोडे मात्र मी चुकीत धरले नाहीत. पुरण आटत आलं की ते उडतंच. जपायचं ते हाताला.

मला खटकलं ते फोटोत नसलेलं भांडं. एवढ्या पसाऱ्यात कटाचं पातेलं कुठेच नव्हतं.

मी फोन केला. “मावशी, वाटीला वाटी गूळ घेतला, तरी पातळच झालं गं!” प्रमाण बरोबर होतं. पण वाटीभर डाळ तीन वाट्या पाण्यात शिजवून तिने ते पाणी न काढताच गूळ घातला होता. गूळ विरघळला की पुरण आणखी सैल होतं. ते आटवताना उलथनं मधोमध उभं करून पाहायचं. पडलं नाही तर पुरण झालं. तिचं पडत होतं. गार झाल्यावर आळेल, असं तिला वाटलं. पुरण गार झाल्यावर आळतं, पण थोडंच. एवढं पाणी त्याने जात नाही. त्यात कणीक घट्ट भिजवलेली. लाटण्याखाली सैल पुरण कडेला पळालं, ताठ पारी ताणली गेली नाही आणि पोळी फुटली.

मी तिला सांगितलं, डाळ बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजव, मग पातेल्यावर चाळणी ठेवून ती ओत आणि दहा-पंधरा मिनिटं निथळू दे. गूळ त्यानंतर. पुरण गरम असतानाच वाट, गार झालं की पुरणयंत्राची दांडी फिरत नाही. कणीक पुरणाइतकीच मऊ हवी. ती तेलाचा हात लावून चांगली तिंब आणि तासभर झाकून ठेव. खाली आलेलं पाणी टाकू नकोस, तोच कट.

पाडव्याला दुसरा फोटो आला. ओट्यावर पिठी तेवढीच सांडलेली होती, पण ताटात तीन अखंड पोळ्या आणि कोपऱ्यात आमटीचं पातेलं. खाली लिहिलं होतं: ‘कट उघडकीस आला.’