आधारचा फोटो भलत्याच ग्रुपवर गेला, आता पुढची दहा मिनिटं

इअरफोन लावलेत ना? आज विषय एकच आहे. थेट उदाहरण घेऊ.

समजा, राजारामपुरीत सातव्या गल्लीत एक मुलगी भाड्यानं फ्लॅट घेतेय. एजंट म्हणतो, आधार आणि कॅन्सल्ड चेक पाठवा. ती गॅलरीतून दोन्ही फोटो शेअर करते, आणि ते जातात जुन्या क्रिकेट ग्रुपवर. ऐंशी मेंबर, निम्मे अनोळखी.

असं का होतं? आपण गॅलरीतून शेअर दाबतो तेव्हा फोन वर काही चॅट सुचवतो. ती यादी बदलत राहते. काल जिथे एजंट होता, तिथे आज ग्रुप असतो. बोट मात्र सवयीनं तिथंच पडतं.

आता पहिली गोष्ट, ग्रुप सोडायचा नाही. घाबरून बरेच जण आधी बाहेर पडतात. मग मेसेज सगळ्यांकडून काढायचा पर्याय हातातून जातो. आत राहूनच मेसेज दाबून धरायचा, डिलीट करायचं आणि `Delete for everyone` निवडायचं. व्हॉट्सॲपवर यासाठी साधारण दोन दिवस मिळतात. 2017 साली सुरुवात झाली तेव्हा फक्त सात मिनिटं मिळायची.

गडबडीत `Delete for me` दाबलं तर? तुमच्या फोनवरून गेलं, बाकी सगळ्यांकडे तसंच राहिलं. खाली काही सेकंद `Undo` दिसतं, ते लगेच दाबा. तेही हुकलं तर ग्रुपच्या ॲडमिनला फोन करा. ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजसुद्धा सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. हे फार जणांना माहीतच नसतं.

मेसेज जाऊन बराच वेळ झाला असेल, तर डिलीट करण्याआधी `Info` उघडून स्क्रीनशॉट घ्या. कुणी वाचलं आणि कुणाकडे नुसतं पोचलं, ते तिथे कळतं. पण नुकताच गेला असेल तर त्यात वेळ घालवू नका, आधी डिलीट.

डिलीट झालं म्हणजे संपलं का? नाही. कुणी आधीच फॉरवर्ड केला किंवा स्क्रीनशॉट काढला असेल तर तो राहतोच. आयफोनवाल्याच्या फोटोंमध्ये आपोआप सेव्ह झालेला फोटोही राहू शकतो. म्हणून फोटो बाहेर गेलाय असंच धरून पुढचं काम करायचं.

चेकचं आधी बघू. त्यावर नाव, खाते नंबर, आयएफएससी असतं. एवढ्यावर कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. हीच माहिती आपण पैसे घ्यायला देतो. धोका वेगळा आहे. उद्या फोन येईल, "मॅडम, बँकेतून बोलतोय, तुमचा खाते नंबर अमुक ना?" नंबर बरोबर सांगितला की आपला विश्वास बसतो, आणि मग ओटीपी मागितला जातो. तिथे फोन ठेवायचा. खातं बंद करायची गरज नाही. डेबिट कार्डाचा फोटो गेला असता, तर मात्र ते लगेच ब्लॉक करायचं, कारण परदेशातल्या काही साइटवर ओटीपीशिवाय व्यवहार होतो.

आता आधार. आपल्याकडे छोट्या दुकानांत आधार नंबर आणि अंगठा देऊन पैसे काढता येतात, बघितलं असेल. त्याला ओटीपी लागत नाही. दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे रबरावर उतरवून अशी खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात घडली आहेत. म्हणजे नंबर बाहेर गेला, तर अंगठ्याचं दार बंद करायचं.

`myaadhaar.uidai.gov.in` वर आधार नंबर आणि ओटीपीनं लॉगिन करा. तिथे `Lock/Unlock Biometrics` आहे, ते लॉक करा. त्यानंतर अंगठा लावून व्यवहार होत नाही, ओटीपीची कामं मात्र चालू राहतात. नवीन सिम घ्यायचं असेल किंवा भाडेकराराची नोंदणी असेल, तर तेवढ्यापुरतं अनलॉक करा. तिथेच `Authentication History` मध्ये गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कधी वापरलं गेलं ते दिसतं. महिनाभर आठवड्यातून एकदा बघा. तुम्ही न केलेली नोंद दिसली तर 1947 ला फोन. पैसे गेले असतील तर ताबडतोब बँक आणि 1930.

पुढच्या वेळेसाठी दोनच सवयी. एक, त्याच साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. त्या फाइलला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. तो त्याच चॅटवर लिहू नका, फोनवर सांगा. दोन, गॅलरीतून शेअर करू नका. आधी एजंटचं चॅट उघडा, वरचं नाव वाचा, मग आतून फोटो जोडा.

एपिसोड संपला की लगेच बायोमेट्रिक लॉक करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. भेटू पुढच्या भागात!