पाच मिलीने वीस मिलीला ढकललं, तर जोर चौपट होतो का?
(बीड येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्यासमोर टेबलावर जे आहे ते तुम्ही मोबाइलवर पन्नास वेळा पाहिलं असेल. प्लायवुडच्या पट्ट्यांचा एक हात, त्याला बांधलेल्या सिरिंज आणि सलाईनची नळी. इकडची सिरिंज दाबली की तिकडचा हात वर जातो. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात तो हमखास असतो. बाजूला एक पाटी असते, ‘पास्कलचा नियम’, आणि उभा असलेला मुलगा सांगतो, ‘‘सर, याच्याने जोर वाढतो.’’ किती वाढतो, असं विचारलं की तो गप्प होतो. आज आपण ‘किती’ याच प्रश्नाचं उत्तर काढणार आहोत. आपल्या जिल्ह्यात कित्येक पोरं गॅरेजमध्ये, ट्रॅक्टरवर, जेसीबीवर काम करतात. हा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातला आहे.

आधी सामान सांगतो. मेडिकलमधून पाच मिलीच्या आणि वीस मिलीच्या कोऱ्या सिरिंज घ्या, सुई तिथेच ठेवायला सांगा. दवाखान्यामागच्या वापरलेल्या सिरिंजला हात लावू नका, धुतलेल्या असल्या तरी नको. नळी म्हणून नवीन सलाईनचा सेट घ्यायचा आणि त्यातला थेंब पडायचा डबा व चाक कापून टाकायचं. हातभर नळी पुरते. ती सिरिंजच्या तोंडावर घट्ट बसते. वरून बारीक तार किंवा केबल टाय आवळला की दाबाने निसटत नाही.

आता बहुतेक मुलं इथे फसतात. पाच मिलीने वीस मिलीला ढकललं, म्हणजे विसाला पाचाने भागलं, चार आले, जोर चौपट झाला! हे चूक आहे. मिली म्हणजे आतली जागा. जोर ठरतो तो दट्ट्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर. पाण्याचा दाब दोन्हीकडे सारखाच असतो. त्या दाबाला मोठ्या दट्ट्यावर ढकलायला जास्त जागा मिळते, म्हणून तिथे जास्त जोर मिळतो. वीस मिलीची सिरिंज पाच मिलीपेक्षा जाड तर असतेच, पण लांबही असते. चारपैकी काही भाग त्या लांबीतच खर्च होतो.

मग क्षेत्रफळ काढायचं कसं? व्हर्निअर कॅलिपर लागत नाही, कंपासपेटीतली पट्टी पुरते. सिरिंजवर शून्यापासून शेवटच्या खुणेपर्यंतची लांबी मोजा आणि मिलीला त्या सेंटिमीटरने भागा. एक मिली म्हणजे एक घन सेंटिमीटर, त्यामुळे उत्तर थेट चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. आमच्या पाच मिलीवर ही लांबी 4.4 सेंटिमीटर भरली, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 1.1. वीस मिलीवर 6.8 सेंटिमीटर भरली, म्हणजे साधारण 2.9. भागाकार 2.6 येतो. कंपनी बदलली की आकडा थोडा बदलतो, म्हणून तुमची सिरिंज तुम्हीच मोजा. पण चौपट नाही, अडीचपटीच्या आसपास, हे लक्षात ठेवा.

एका शिबिरात एका मुलीने विचारलं होतं, ‘‘सर, मग वाढलेला जोर फुकट मिळाला का?’’ त्याचं उत्तर पट्टीवरच दिसतं. लहान दट्ट्या पूर्ण दाबला तर 4.4 सेंटिमीटर आत जातो आणि पाच मिली पाणी पलीकडे जातं. तेवढ्या पाण्याने मोठा दट्ट्या फक्त 1.7 सेंटिमीटर सरकतो. जोर 2.6 पट वाढला आणि सरकणं 2.6 पटीने कमी झालं.

आता वजन ठेवून बघू. दोन्ही सिरिंज दट्ट्या वर करून उभ्या बांधल्या. लहान दट्ट्यावर एक किलोचं माप ठेवलं. हिशोबाने मोठ्या दट्ट्याने 2.6 किलो उचलायला हवं. आमच्याकडे त्याने 1.7 किलोच उचललं. पुढे वाळूची पिशवी थोडी जरी जड केली तरी तो हलेना. उरलेला जोर रबराच्या घर्षणाने खाल्ला. सिरिंजचं रबर भिंतीला घट्ट चिकटून असतं, नाहीतर औषध गळलं असतं.

म्हणजे नियम खोटा ठरला का? तेही तपासता येतं, आणि मला या सगळ्यात हीच गंमत सगळ्यात जास्त आवडते. मोठ्या दट्ट्यावरचं वजन वाढवत न्या. तो लगेच खाली येत नाही. आमच्याकडे साडेतीन किलोला तो खाली सरकायला लागला आणि त्याने लहान दट्ट्याला उलटं वर ढकललं. वर जाताना घर्षण आपल्या विरोधात असतं, खाली येताना ते आपल्या बाजूने वजन धरून ठेवतं. 1.7 आणि 3.5 यांची सरासरी 2.6. घर्षण दोन्ही बाजूंनी सारखंच छाटतं, म्हणून मधला आकडा नियमाचा निघतो.

इथपर्यंत सिरिंजचं झालं. आता हात जोडू. हाताची लांबी बोल्टपासून टोकापर्यंत 24 सेंटिमीटर आहे. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या बोल्टपासून 3 सेंटिमीटरवर जोडलाय. म्हणजे दट्ट्या एक सेंटिमीटर सरकला तर टोक आठ सेंटिमीटर फिरतं, आणि जोर आठ पटीने कमी होतो. 1.7 किलोचे टोकाला जेमतेम दोनशे ग्रॅम राहतात. त्यातून हाताच्या स्वतःच्या वजनाचे तीसेक ग्रॅम वजा करा. एक किलोने दाबलं आणि उचललं काय, तर 180 ग्रॅम! जोर वाढवणारं म्हणून दाखवलं जाणारं यंत्र प्रत्यक्षात जोर घटवतंय.

पाटी लावून उभा राहिलेला मुलगा इथे गोंधळतो, पण यात गोंधळण्यासारखं काही नाही. दट्ट्या 1.7 सेंटिमीटरच सरकतो. तेवढ्याने वस्तू इकडून उचलून तिकडे ठेवता येत नाही. आठपट लांबवल्यावर टोक साडेतेरा सेंटिमीटर फिरतं, मग काम होतं. सिरिंजने कमावलेला जोर आपण पट्टीवर पोहोच विकत घ्यायला खर्च केला. दट्ट्या 6 सेंटिमीटरवर जोडून बघा. आता टोक सातेक सेंटिमीटरच फिरेल, पण जवळपास चारशे ग्रॅम उचलेल. बोल्टपासून किती अंतरावर भोक पाडायचं, या एका निर्णयात डिझाइनचं निम्मं काम येतं. म्हणून पट्टीला सुरुवातीलाच चार भोकं पाडून ठेवा. आणि दट्ट्या पट्टीला काटकोनात असताना जोर सगळ्यात जास्त लागतो. हात फिरून कोन तिरपा झाला की तोच दट्ट्या कमजोर वाटतो, सिरिंज खराब झालेली नसते.

जेसीबीजवळ थांबून एकदा नीट बघा. त्याचा जाड, आखूड सिलिंडर पिनेच्या जवळच जोडलेला असतो आणि बकेट कुठल्या कुठे लांब असते. तिथेही जोर देऊन पोहोच घेतली आहे. त्यामुळे आतल्या तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या दोनशे पटींहून जास्त ठेवावा लागतो. आपल्या सिरिंजमध्ये एक किलो ठेवल्यावर तो एका पटीलाही पोहोचत नाही.

बिघाड बहुतेक वेळा एकच असतो, बुडबुडा. सिरिंज दाबली की बोटाला स्पंजसारखं लागतं, हात उशिरा उठतो, सोडलं की दट्ट्या परत येतो. एक मिली हवा आपल्या या दाबाला निम्म्यावर येते. पाच मिलीपैकी अर्धा मिली सरकणं तिथेच गेलं. लक्षात घ्या, हवेने जोर कमी होत नाही, सरकणं वाया जातं. उपाय म्हणजे बादलीत पाण्याखाली जोडणी करायची. लहान सिरिंजला नळी लावून दोन-तीनदा पाणी ओढा आणि सोडा, तोंड वर धरून टिचक्या मारा, पाच मिली भरून घ्या. मग मोठीचा दट्ट्या पूर्ण आत ठेवून नळीचं दुसरं टोक पाण्यातच तिला जोडा. मशीनचं तेल भरू नका, त्याने रबर फुगून अडकतं.

आता हात वर असताना मी नळी खेचून काढतो. बघा, तो हळू आला नाही, धाडकन पडला. वर धरून ठेवणारं फक्त बंद केलेलं पाणी होतं. कारखान्यावर उसाच्या हंगामात किंवा वाळू-खडी टाकताना ट्रॉली वर करून पोरं खाली ग्रीस मारायला जातात. त्या टनभर लोखंडालाही एका रबरी पाइपातलं तेलच धरून असतं. लिव्हर चुकून ढकलला, पाइप फुटला, सील गेलं, तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही. ट्रॉलीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही. गॅरेजमध्येही जॅक उचलण्यापुरता, गाडी धरायची घोडीने. उस्ताद घाई करत असला तरी घोडी लावायची, आणि यात मान-अपमान मध्ये आणायचा नाही. चालू मशीनच्या पाइपातून तेल फवारत असेल तर बोटाने शोधू नका, पुठ्ठा फिरवा. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते आणि आत तेल पसरत असतं. दुखत नसलं तरी त्याच तासात मोठं हॉस्पिटल गाठायचं.

जॅकचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आपला दट्ट्या 1.7 सेंटिमीटरवर थांबतो, मग जॅक फूटभर कसा उचलतो? त्यात एका दिशेनेच उघडणाऱ्या दोन झडपा असतात. दांडा वर केला की टाकीतून तेल आत येतं. दांडा दाबला की ते मोठ्या सिलिंडरमध्ये जातं आणि परत येऊ शकत नाही. छोटे-छोटे हिसके साठत जातात. अशा झडपा असलेला दोन सिलिंडरचा पंप अल-जझरीने दियारबकरमध्ये 1206 साली पूर्ण केलेल्या ग्रंथात वर्णन केलाय. मात्र त्याचा पंप पाणी उपसण्यासाठी होता. त्याने जॅक बनवला असं कुठल्या फॉरवर्डमध्ये आलं तर पुढे पाठवू नका. दाबाचा हा नियम पास्कलने सतराव्या शतकात मांडला आणि ब्रामाने 1795 मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. अल-जझरीची झडप मात्र खरी आहे आणि आपल्या सिरिंजला लावण्याजोगी आहे.

बॉक्समध्ये वीस जोड्या आहेत. दोघादोघांनी एक घ्या. आधी लांबी मोजून भागाकार वहीत लिहा, किती किलो उचलेल तो अंदाज लिहा, मग माप ठेवा. बादल्या मागच्या दाराशी भरून ठेवल्यात.