दुसऱ्या बाळाची वेळ

जुळ्यांसाठी सिझेरियनच बरं, असं अनेकांना वाटतं. पण पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल, तर नियोजित सिझेरियनने बाळांचा धोका कमी होत नाही, असं 2013 च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. मात्र त्यात नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्या सुमारे 44 टक्के मातांचं शेवटी सिझेरियनच झालं. म्हणून कुटुंबाने शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार असलेलं रुग्णालयच निवडावं. खरी कसोटी पहिल्या बाळानंतर लागते. दुसरं आडवं आहे का, हे हाताने आणि सोनोग्राफीने पाहतात, ठोके सतत ऐकतात. आडवं असल्यास पाणमोट न फोडता वळवतात. घाईने फोडली तर नाळ बाहेर घसरू शकते. कळा मंदावल्या तर ऑक्सिटोसिनचं सलाईन लावतात. ठोके ठीक असतील, तर घड्याळाकडे पाहून ओढाताण नको. ते घसरले, तर मात्र थांबायचं नाही.