तेल २५ टक्के महागलं, मग किती कमी वापरायचं?

(कोंढा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. दुकानात तेल महागलं. अम्मीने विचारलं, "खर्च तेवढाच ठेवायचा तर तेल किती कमी करू?" मी बोलून गेलो, "भाव जेवढे टक्के वाढला, तेवढे टक्के." मी इंजिनिअर, तरी चुकलो.

सोपे आकडे घेऊ. समजा लिटरला १२० रुपये भाव होता आणि महिन्याला ५ लिटर लागत होतं. खर्च ६०० रुपये. भाव १५० झाला, म्हणजे वाढ २५ टक्के. माझं ऐकलं तर तेल ३.७५ लिटर आणि खर्च ५६२ रुपये ५० पैसे. म्हणजे विनाकारण हात आखडला. ६०० रुपयांत १५० च्या भावाने ४ लिटर येतं. कपात फक्त २० टक्के.

असं का? वाढलेले रुपये ३०च आहेत. भाववाढ काढताना ते जुन्या १२० शी ताडतो, कपात काढताना नव्या १५० शी. म्हणून वाढलेल्या रकमेला नेहमी नव्या भावाने भागा.

एक काळजी घ्या. सुटं तेल किलोने मिळतं, पाकीट लिटरचं असतं आणि लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. जुना भाव लिटरचा आणि नवा किलोचा धरला, तर वाढ खोटीच मोठी दिसेल.