'अरे', 'बाप रे' आणि 'उगीच'

भाषांतर करणाऱ्याला मोठे शब्द सहसा अडवीत नाहींत. 'स्वातंत्र्य', 'विवेक', 'न्याय' यांना कोशांत प्रतिशब्द सांपडतो, आणि तो थोडा कमीअधिक असला तरी वाचकाचें काम भागतें. खरी अडचण येते ती घरांत दिवसांतून पन्नास वेळां तोंडांतून निघणाऱ्या दोनतीन अक्षरांच्या शब्दांशीं. 'अरे', 'बाप रे' आणि 'उगीच' हे असे तीन शब्द आहेत. पहिल्या दोहोंना व्याकरणकार केवलप्रयोगी अव्ययें म्हणतात; वाक्याच्या रचनेशीं त्यांचा कांहीं संबंध नसतो. 'उगीच' हें वस्तुतः क्रियाविशेषण आहे, परंतु उत्तरादाखल तें एकटेंच आलें म्हणजे तेंहि उद्गारासारखेंच वागतें. हे तीन शब्द मराठी संवादांतून सहजपणें बोलल्या जाणाऱ्या इंग्रजी संवादांत कसे न्यावेत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

नियम सांगत बसण्यापेक्षां एक प्रसंग घेणें बरें. प्रसंग कल्पित आहे, पण स्थळ खरें आहे. कामवारी नदीच्या कांठचें भिवंडी हें ठाणें जिल्ह्यांतील यंत्रमागांचें गांव. तेथें मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगु बोलणारीं माणसें एका गल्लींत राहतात. अशा एका गल्लींतील घरीं भर दुपारीं धाकटा दीर कामावरून परत येतो. वहिनी दारांत तांदूळ निवडीत बसलेली आहे.

वहिनी म्हणते, "अरे, तूं? आत्तां कसा आलास?"
दीर म्हणतो, "उगीच."
"उगीच कसा? पाळी तर सहापर्यंत आहे."
"माझे माग बंद केले."
"बाप रे! चारही?"
"वीस दिवस."
"अरे, मग सांगायचं नाहीं का? उगीच म्हणे!" आणि आंत नवऱ्याकडे वळून, "अहो, ऐकलंत का?"

सात-आठ वाक्यांचा हा संवाद मराठी श्रोत्याला चटकन् कळतो. वीस दिवसांची मजुरी बुडाली, मुलगा तें सांगायला कचरतो आहे, वहिनीला धक्का बसला आहे, आणि तिच्या रागांत माया आहे. आतां कोश उघडून शब्दास शब्द ठेवला तर वहिनी 'ओ, यू!' असें ओरडते, दीर 'विदाउट पर्पज' असें एखाद्या वकिलासारखें उत्तर देतो, आणि वहिनी 'ओ फादर!' म्हणून कोणा अनुपस्थित पित्याला हांक मारते. अर्थ एकाहि शब्दाचा चुकलेला नाहीं. माणसें मात्र तिन्ही नाहींशीं झालीं.

प्रथम 'अरे' पाहावें. या संवादांत तो दोनदां आला आहे आणि दोन्ही वेळां त्याचें काम निराळें आहे. पहिला 'अरे' अनपेक्षित माणूस समोर दिसल्याचा आहे. इंग्रजींत हें काम बहुधा उद्गार करीत नाहीं. प्रश्नाचा सूर करतो. 'यू?' एवढा एकच शब्द वर चढत्या सुरांत म्हटला कीं पुरे. दुसरा 'अरे' आर्जवाचा आणि तक्रारीचा आहे. तो इंग्रजींत क्रियापदांत मुरवावा लागतो. 'अँड यू कुडन्ट टेल मी?' या वाक्यांत 'अरे'चा प्रतिशब्द कोठेंच दिसत नाहीं, पण 'कुडन्ट'मध्यें तो पुरता उतरला आहे. आठवण झाल्याचा तिसरा एक 'अरे' असतो, 'अरे हो!' यांतला, तेथें 'ओह यस' चालतें, कारण तेथें बोलणारा स्वतःशींच बोलत असतो.

पण 'अरे' आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती इंग्रजींत सांगतां येत नाहीं. समोरचा पुरुष आहे, आणि तो लहान किंवा जवळचा आहे, हें त्या दोन अक्षरांत येतें. स्त्रीला 'अगं', मान द्यावयाचा तर 'अहो'. पुष्कळ भाषांतरकार ही उणीव भरून काढण्यासाठीं 'माय बॉय' किंवा 'ब्रदर' असें कांहीं घालतात, आणि वहिनी एकदम इंग्रज पाद्री होऊन बसते. नातें निवेदनांत एकदां सांगावें, संवादांत तें पुन्हां कोंबूं नये. 'अहो'च्या बाबतींत चूक याहून मोठी होते. इंग्रज बायको नवऱ्याला नांवानें हांक मारते, म्हणून भाषांतरकार तेथें नवऱ्याचें नांव घालतो. परंतु जुन्या वळणाच्या घरांतली बाई 'अहो' म्हणते तीच मुळीं नांव घ्यावयाचें नाहीं म्हणून! तेथें नुसतें 'डिड यू हिअर?' म्हणावें, आणि ती आंत वळून बोलली एवढें निवेदनांत ठेवावें. नांव टाळलेलें राहतें.

भिवंडीसारख्या गांवीं याला आणखी एक पदर आहे. हिंदी-उर्दूतहि 'अरे' आहे, पण तो स्त्रीपुरुष पाहत नाहीं. शेजारी 'अरे भाभी' असें बिनदिक्कत म्हणतो. मराठी बोलणारा दीर वहिनीला 'अरे' कधींच म्हणणार नाहीं. म्हणजे एकाच गल्लींत त्या एका शब्दावरून कोण कोणत्या भाषेंत बोलला तें कळतें. 'अरे' हा शब्द तसाच ठेवला तर भारतांतल्या इंग्रजी वाचकाला तो समजतो, हें खरें. पण सर्वांच्याच तोंडीं तसाच ठेवला तर हा भेद पुसला जातो आणि उरते ती निव्वळ स्थानिक रंगाची फवारणी. शब्द ठेवावयाचाच असेल तर एखाद्याच पात्राच्या तोंडीं आणि कारण असेल तेव्हांच ठेवावा.

'बाप रे'मध्यें बाप नाहीं आणि बहुधा भीतीहि नाहीं. त्यांत असतें तें माप. ऐकलेली गोष्ट अपेक्षेहून मोठी निघाली, हें तो सांगतो. मग ती मासळीची किंमत असो, वाटेंतली गर्दी असो कीं बंद पडलेले माग असोत. भाषांतरकाराच्या हाताशीं 'गुड हेवन्स' आणि 'गुड लॉर्ड' हे दोन तयार उद्गार असतात. दोहोंनाहि इंग्रजी दिवाणखान्याचा वास आहे. भिवंडीच्या दारांत तांदूळ निवडणाऱ्या बाईला ते शोभत नाहींत. 'माय गॉड' त्यामानानें बरा, पण तो इतका झिजला आहे कीं धक्का पोंचत नाहीं. येथें इंग्रजी बोलण्यांतली एक साधी रीत उपयोगीं पडते. धक्का बसलेला इंग्रज बहुधा ऐकलेलाच शब्द किंवा आंकडा परत उच्चारतो. मासळीचा भाव ऐकून तो 'हाउ मच?' असें विचारतो, जरी भाव त्याला नीट ऐकूं आलेला असतो. म्हणून 'बाप रे! चारही?' याला 'स्टॉप्ड? ऑल फोर?' एवढेंच पुरे. उद्गार गेला, माप राहिलें.

आतां सर्वांत अवघड तो 'उगीच'. 'उगा' म्हणजे गप्प, स्तब्ध. रडत्या मुलाला आपण 'उगी, उगी' म्हणतों तें याच घराण्यांतलें. त्या शांततेंतून 'कारणावांचून' हा अर्थ निघाला, आणि पुढें त्याला अनेक फांटे फुटले. 'उगीच बोललों' यांत स्वतःच्या कृतीचा पश्चात्ताप आहे. इंग्रजींत 'आय शुडन्ट हॅव सेड इट'. 'उगीच रडतोस' यांत दुसऱ्याच्या कृतीचा निषेध आहे; 'देअर इज नथिंग टु क्राय अबाउट'. 'ते उगीच नाहीं मोठे झाले' यांत नकार आला कीं अर्थ उलटतो आणि 'नॉट फॉर नथिंग' म्हणावें लागतें. भाषांतरकारानें प्रत्येक ठिकाणीं स्वतःला एकच प्रश्न विचारावा: येथें व्यर्थ कोण ठरविलें जात आहे? बोलणाऱ्याची कृति, ऐकणाऱ्याची कृति, कीं कोणाचीच नाहीं?

आपल्या प्रसंगांतला 'उगीच' या शेवटच्या प्रकारचा आहे. दीर कांहींच व्यर्थ ठरवीत नाहीं. तो कारण लपवितो आहे. म्हणून तेथें असा इंग्रजी शब्द हवा कीं जो कारण नाकारील आणि ऐकणाराला संशयहि येऊं देईल. शिवाय एक अट आहे. वहिनी तोच शब्द दोनदां त्याच्या अंगावर परत टाकते: 'उगीच कसा?' आणि 'उगीच म्हणे!' पहिल्या ठिकाणीं 'जस्ट लाइक दॅट' घातलें तर पुढें वाक्य अडखळतें. 'नो रीझन' हें तिन्ही ठिकाणीं बसतें. परत येणाऱ्या शब्दाची निवड पहिल्या ठिकाणीं नव्हे, शेवटच्या ठिकाणीं उभें राहून करावी लागते.

विजय तेंडुलकरांच्या १९६७ सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकाचें नांव या संदर्भांत आठवतें. 'शांतता! कोर्ट चालू आहे' याचें प्रिया आडारकर यांच्या इंग्रजी भाषांतरांत 'सायलेन्स! द कोर्ट इज इन सेशन' असें झालें. 'चालू' या शब्दाचा प्रतिशब्द त्यांत नाहीं. इंग्रजी न्यायालयांत जी भाषा शोभेल ती आहे. घरगुती उद्गारांनाहि हाच न्याय लागू पडतो, फरक इतकाच कीं घरांतलें ठराविक वाक्य कोणी लिहून ठेवलेलें नसतें. तें कानानें हुडकावें लागतें.

तर मग तो सबंध प्रसंग असा होतो:

"यू? व्हाय आर यू होम?"
"नो रीझन."
"व्हॉट डू यू मीन, नो रीझन? यू आर ऑन टिल सिक्स."
"दे हॅव स्टॉप्ड माय लूम्स."
"स्टॉप्ड? ऑल फोर?"
"फॉर ट्वेंटी डेज."
"अँड यू कुडन्ट टेल मी? नो रीझन, ही सेज!" आणि आंत वळून, "डिड यू हिअर?"

यांत एकहि मराठी उद्गार उरला नाहीं आणि एकाचाहि शब्दशः प्रतिशब्द नाहीं. भाषांतर साधलें कीं नाहीं हें पाहण्याचा उपाय सोपा आहे. मराठीचा गंध नसलेल्या एखाद्या माणसाला तें मोठ्यानें वाचून दाखवावें आणि तीन प्रश्न विचारावेत: कोण काय लपवीत होता, तें कोणत्या शब्दाला उघडें पडलें, आणि बाई रागावली ती कशासाठीं? उत्तरें बरोबर आलीं तर काम झालें. चौथा प्रश्न, म्हणजे दोघांत वडील कोण, हा मात्र विचारूं नये. तें 'अरे'मध्यें होतें, आणि इंग्रजींत येतांना तेवढें मागें राहिलें. वहिनी दाराशीं बसली आहे आणि आलेला तिचा धाकटा दीर आहे, हें निवेदनाच्या एका ओळींत सांगून टाकावें, म्हणजे तेवढीहि भरपाई होते.