पहिल्या प्रवेशातील माळी

चेकॉव्ह या रशियन लेखकाने १८८९ साली एका पत्रात असे कळवले, की बंदूक उडवण्याचा विचारच नसेल, तर ती भरून रंगमंचावर ठेवू नये. हा नियम रहस्यपटात कसा चालतो ते आपण पाहू. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने काढलेला, कमाल अमरोही यांचा १९४९ सालचा ‘महल’ त्यासाठी घेऊ. शेवट मात्र सांगावा लागेल, त्याला इलाज नाही.

नायक शंकर नदीकाठच्या एका ओसाड वाड्यात येतो. म्हातारा माळी त्याला वाड्याची कथा सांगतो: मालक होडी बुडून मेला, त्याची वाट पाहणारी कामिनीही पुढे गेली. मग शंकरला एक तसबीर दिसते, तीतला चेहरा हुबेहूब त्याचाच! आणि रात्री कामिनी दिसू लागते.

आता माळ्याकडे बघा. आपल्याला वाटते, हा बिचारा कथा सांगण्यापुरता आला. शेवटी न्यायालयात उलगडते, की कामिनी म्हणजे भूत नव्हेच. ती माळ्याचीच मुलगी, आशा. वाड्याची कथा तिला घरातूनच कळलेली. म्हणजे बंदूक पहिल्याच प्रवेशात आपल्यासमोर होती. ती ओळखू आली नाही, कारण माळ्याला तिथे दुसरे एक साधे काम दिलेले होते. खरी मेख इथेच आहे. वस्तू नुसतीच दाखवली, की प्रेक्षक लगेच म्हणतो, “हं, हिचे पुढे काहीतरी होणार.” तिला आधी एखादे साधे काम दिले, की संशय येत नाही, आणि शेवटी फसवल्याची तक्रारही करता येत नाही.

तसबिरीचे काय? तिच्यामुळे शंकरचा पुनर्जन्मावर विश्वास बसतो, म्हणून ती हवीच. पण चेहरा सारखा का, याचा उलगडा चित्रपट करीत नाही. तिथे ही वीण सैल राहिली, असे मला वाटते.

पारख करायची तर त्या वस्तूला कथेतून काढून बघावे. माळी काढला तर शेवट कोसळतो. वाड्यातली एखादी खुर्ची काढली तर काही बिघडत नाही. पण तिच्याकडे कोणी आपले लक्षही वेधले नव्हते. नियम लक्ष वेधलेल्या वस्तूंपुरताच आहे. शिक्षकांनी वर्गात एखादी गोष्ट घेऊन हीच पारख मुलांकडून करवून घ्यावी.

आणि गंमत पाहा. चेकॉव्हच्याच ‘चेरी ऑर्चर्ड’ या १९०४ सालच्या नाटकात एक कारकून पिस्तूल काढून दाखवतो, अन् ते शेवटपर्यंत उडत नाही! त्या माणसाच्या हातून काहीच तडीस जात नाही, हेच तिथे सांगायचे आहे. म्हणजे न उडलेले पिस्तूलही कामाला आलेच.